कथा : पावकिलो साखर (हिशेब तपासून हवा आहे)

मृण्मयी_त

नमस्कार. खालील लघुकथा मी नुकतीच पूर्ण केली आहे. कथेचा सगळा भार एका हिशेबावर आहे आणि तो हिशेब किराणा व्यवहारातल्या माणसाला पटला नाही, तर कथा उभी राहणार नाही. येथे दुकानदार आणि कर सल्लागार दोन्ही आहेत, म्हणून भाषेपेक्षा आकडे तपासून द्यावेत अशी विनंती आहे. कथेचा काळ 2023 चा आणि गाव तासगाव तालुक्यातले आहे.

*पावकिलो साखर*

अण्णांच्या दुकानात गल्ल्याच्या मागे एक तार टांगलेली होती आणि तिच्यात वर्षभराची खरेदीची बिले ओवलेली होती. दिवाळीनंतर ती तार उतरवून बिले सुतळीने बांधायची आणि माळ्यावर टाकायची, एवढाच त्यांचा वार्षिक हिशेब. दर ठरवताना अण्णा बिलावरचा भाव पाहत, त्यात दोन-तीन रुपये मिळवत आणि पाटीवर खडूने लिहीत. बिल पुन्हा उघडण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

त्या वर्षी मेघना परीक्षा संपवून घरी आली, तेव्हा घाऊक व्यापाऱ्याची थकबाकी वाढलेली होती. दुकान चालत होते, गिऱ्हाईक तुटले नव्हते, तरीही सांगलीच्या गणपती पेठेत माल भरायला जाताना अण्णांना पैसे जमवावे लागत होते. तिने तारेवरची बिले काढली आणि वहीत प्रत्येक मालासमोर खरेदी आणि विक्री मांडायला सुरुवात केली.

पहिला तोटा सापडला तो अंगाच्या साबणात. 24 वड्या, दर 31 रुपये, त्यावर 18 टक्के कर, एकूण 877 रुपये 92 पैसे. वडीला 36 रुपये 58 पैसे पडत होते आणि अण्णा ती 36 रुपयांना विकत होते. ती वही घेऊन तडक दुकानात गेली.

अण्णांनी बिल उजेडात धरले. "खाली बघ. 24 वर 2 फुकट आहेत. वड्या 26 आल्या होत्या."

कार्बनची ती ओळ इतकी पुसट होती की बोटाने चाचपल्यावरच पेनाचा दाब जाणवत होता. 26 वड्यांनी भागल्यावर वडी 33 रुपये 77 पैशांना पडली. अण्णा काही बोलले नाहीत, पण त्यांनी वही तिच्याकडे परत सरकवली ती न वाचताच.

मेघनाने पुन्हा सगळी बिले तळाच्या ओळीपर्यंत वाचली. साखरेच्या बिलावर दर होता क्विंटलला 3,900, म्हणजे किलोला 39 आणि अण्णांचा विक्रीचा भाव 42. "पोत्याला दीडशे सुटतात," असे ते नेहमी सांगत. पण 1,950 रुपयांच्या त्या पोत्यावर 97 रुपये 50 पैसे कर होता आणि हमाली व टेम्पो मिळून 20 रुपये होते. पोते दुकानात 2,067 रुपये 50 पैशांना उतरत होते. तिने एक पोते फोडल्यापासून संपेपर्यंत तोललेल्या साखरेची बेरीज लिहून ठेवली, तेव्हा ती 49 किलो 700 ग्रॅम भरली. उरलेली साखर पोत्याच्या शिवणीत, मापात आणि फरशीवर गेली होती. किलोला 41 रुपये 60 पैसे. एक किलोच्या पिशवीचे 50 पैसे धरले, की 42 रुपये 10 पैसे.

तोटा दहा पैशांचा. तो दाखवायला जाण्याइतका मोठा तिला वाटला नाही.

संध्याकाळी ती दुकानात बसली असताना मजुरीवरून परतणाऱ्या बायका साखर नेऊ लागल्या. प्रत्येकीला पावकिलो. अण्णा 250 ग्रॅम तोलून दहा रुपये घेत होते. साडेदहा कुणी देत नव्हते आणि अण्णा मागतही नव्हते. मेघनाने हिशेब पुन्हा केला. किलोचे चार पावकिलो, म्हणजे हातात 40 रुपये. पिशव्या मात्र चार, प्रत्येकी 30 पैशांची. खर्च 42 रुपये 80 पैसे. त्या पोत्यातली 24 किलो साखर अशीच गेली होती. दीडशे रुपये नफा समजल्या गेलेल्या पोत्यावर जवळपास 70 रुपयांचा तोटा होता.

या वेळी तिने वही दिली नाही. तिने बिल, पोत्याची तोललेली बेरीज आणि पिशव्यांचे पाकीट गल्ल्यावर ठेवले आणि अण्णांनाच भागाकार करायला सांगितले. गूळ आणि सुके खोबरे यांची बिलेही तिने शेजारी ठेवली होती.

अण्णांनी तो दोनदा केला. मग म्हणाले, "पन्नास पैशांसाठी त्यांना परत पाठवायचं होय गं?"

"परत नका पाठवू," मेघना म्हणाली. "पण दीडशे सुटतात असं म्हणू नका."

---

वाणसामान

ताई, मी कराडजवळ किराणा दुकान चालवतो आणि माझ्या आधी वडील चालवत होते. तुमचा पावकिलोचा मुद्दा अगदी खरा आहे. किलोचा भाव चारने भागून पूर्ण रुपया येत नसेल, तर ती कसर नेहमी दुकानदाराच्याच खिशातून जाते, आणि सुट्या पिशवीचा खर्च मालात कुणी धरत नाही, तो 'दुकानखर्च' म्हणून वेगळा राहतो.

एक गोष्ट मात्र राहिली आहे. रिकामे पोते आम्ही टाकून देत नाही, ते विकले जाते. माझ्याकडे पोत्याला दहा रुपयांच्या आसपास मिळतात. ते वजा केले, तर तुमचे पोते 2,057 रुपये 50 पैशांना पडते, किलो 41 रुपये 40 पैशांना, आणि पिशवी धरूनही एक किलोच्या विक्रीत दहा पैसे तोटा न राहता दहा पैसे नफा होतो. तुमच्या कथेतले अण्णा मुरलेले दुकानदार असतील, तर ते हा मुद्दा पहिल्यांदा काढतील.

---

प्रसन्न_कोथरूड

कथा आवडली, परंतु मूळ हिशेबातच चूक आहे असे मला वाटते. कर हा दुकानदाराचा खर्च नसतो. खरेदीवर भरलेला कर त्याला विक्रीच्या करातून वजा करून मिळतो. त्यामुळे ते 97 रुपये 50 पैसे खर्चात धरताच येणार नाहीत. ते काढले तर किलो 39 रुपये 64 पैशांना पडतो आणि 42 च्या विक्रीत दोन रुपयांहून जास्त सुटतात.

---

करविवरण

प्रसन्न, तुमचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. वजावट मिळते ती नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला. महाराष्ट्रात केवळ मालाची विक्री करणाऱ्याची वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या आत असेल, तर सर्वसाधारणपणे त्याला नोंदणी करावी लागत नाही, आणि नोंदणी नसेल तर खरेदीच्या बिलावरचा कर हा त्याच्यासाठी निव्वळ खर्चच असतो. आपसमेळ योजनेतल्या दुकानदारालाही वजावट मिळत नाही, शिवाय करपात्र विक्रीच्या एक टक्का रक्कम त्याला स्वतःच्या खिशातून भरावी लागते. मृण्मयीताईंनी कथेतल्या दुकानाची नोंदणी आहे की नाही हे एका वाक्यात सांगावे, कारण उत्तर त्यावर अवलंबून आहे.

आता नियमित नोंदणी आहे असे घटकाभर धरा. मग पाटीवरचे 42 रुपयेही करासह असतात. त्यातले 2 रुपये सरकारजमा होणार, म्हणजे दुकानदाराच्या हाती उरतात 40. त्यातून 39 रुपये 64 पैसे आणि पिशवीचे 50 पैसे गेले, की 14 पैसे तोटाच दिसतो. खरेदीतून कर वगळायचा आणि विक्रीत मात्र तो ठेवायचा, ही चूक मी प्रत्यक्षात फार वेळा पाहतो, आणि तिच्यामुळेच पाच टक्के नफा आहे असा भास होतो.

---

प्रसन्न_कोथरूड

विक्रीच्या दरातला कर माझ्या लक्षात आला नव्हता. मुद्दा मान्य आहे.

---

शालिनी_देशमुख

मला या कथेचा थोडा राग आला. मुलीने बापाला तराजूत पकडल्यासारखे दाखवले आहे. माझ्या सासऱ्यांचे दुकान होते आणि त्यांनी आयुष्यात कधी माप मारले नाही. प्रत्येक दुकानदार गिऱ्हाइकाला फसवतो असा सूर अशा कथांतून निघतो, तो बरा नव्हे.

---

मृण्मयी_त

शालिनीताई, कथेत याच्या उलट आहे. अण्णा पूर्ण 250 ग्रॅम तोलतात आणि अर्धा रुपया सोडून देतात, म्हणून तोटा होतो. वजनात खोट असती, तर तो भरून निघाला असता.

करविवरण, दुकानाची उलाढाल 40 लाखांच्या आतली आहे आणि नोंदणी नाही, असेच माझ्या मनात होते. ते वाक्य साखरेच्या बिलाजवळ येईल.

वाणसामान, रिकाम्या पोत्याचे दहा रुपये मी लगेच धरून पाहिले. एक किलोचा व्यवहार तोट्यातून नफ्यात जातो हे खरे, पण पावकिलोचा खर्च 42 रुपये 80 पैशांवरून 42 रुपये 60 पैशांवरच येतो आणि हातात तर 40 च आहेत. म्हणजे पोत्याने किलोची विक्री वाचते, पावकिलोची वाचत नाही. कथेसाठी हे जास्त उपयोगी आहे. अण्णांनी पोत्याचा मुद्दा काढावा, मेघनाने तो मान्य करावा आणि तरीही तोटा उरावा.

---

रानवारा

साबणाचा प्रसंग मला सगळ्यात खरा वाटला. माझे औषधांचे दुकान आहे आणि योजनेतला फुकट माल हिशेबात न धरल्यामुळे आमच्याकडेही एकदा बरीच औषधे कागदावर तोट्यात दिसली होती. आमच्या बिलावर फुकट नगांसाठी वेगळा रकाना असतो, तरीही ते संगणकात भरताना राहून जातात. ओळखण्याची माझी रीत अशी आहे, की एखादा छापील किमतीचा माल तोट्यात दिसला, तर आधी बिलावरच संशय घ्यायचा. छापील किमतीत दुकानदाराचा वाटा कंपनीने आधीच ठेवलेला असतो, त्यामुळे फार सूट दिल्याशिवाय तो माल सहसा खरेदीच्या खाली जात नाही. सुट्या मालाला असा आधार नसतो. मेघनाला खरा तोटा साखरेत आणि खोटा साबणात सापडतो, ही मांडणी मला त्यामुळे पटली.

---

भाऊ_मार्केटयार्ड

मी घाऊक व्यापारात अनेक वर्षे आहे, आता मुलगा पाहतो. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, साखरेच्या तोट्याला दुकानदार घाबरत नाही. साखर आणि तेल यांचे भाव गिऱ्हाइकाला पाठ असतात, त्यावरून ते दुकान महाग की स्वस्त हे ठरवते. म्हणून या दोन मालांत सुटत नाही हे सगळ्यांना माहीत असते, आणि सुटते ते जिरे, मोहरी, हिंग, पोहे, अगरबत्ती यांत. एका मालाचा हिशेब काढून दुकान तोट्यात आहे असे म्हणता येत नाही. अण्णांना हे कळत नसेल असे मला वाटत नाही.

दुसरी, मुलीने घट मोजली ती पद्धत बरोबर आहे. बिलात घट कधीच दिसत नाही. पण साखरेत घट फार थोडी. खरी घट गुळात. ढेप फोडल्यावर चुरा पडतो आणि तो चुरा पूर्ण भावाने जात नाही. उन्हाळ्यात ढेप वाळून हलकी होते, पावसाळ्यात पाझरते आणि कागद चिकटून बसतो. तुम्ही गुळाचे नाव घेऊन सोडून दिले आहे, तेथे खरी गोष्ट होती.

---

शर्वरी_इचलकरंजी

भाऊकाका, आपल्या पहिल्या मुद्द्याशी मी आदराने असहमत आहे. गिऱ्हाईक आणण्यासाठी माल तोट्यात विकणे हा निर्णय तेव्हाच म्हणता येईल, जेव्हा तोटा किती हे माहीत असेल. अण्णा तर पोत्याला दीडशे सुटतात असे समजत होते.

शिवाय आणखी एक गोष्ट तपासायला हवी. पावकिलो साखर नेणारी बाई त्याच वेळी जिरे, हिंग, अगरबत्तीही नेते का? माझ्या आईच्या दुकानात संध्याकाळी येणाऱ्या बायका साखर, चहापूड आणि तेल एवढेच नेत, आणि तिन्ही लहान मापात. मसाल्याचा माल महिन्याची यादी घेऊन येणाऱ्यांचा असे, आणि ते साखर पाच किलो नेत. म्हणजे ज्या गिऱ्हाइकावर तोटा होत होता, तो भरून काढणारा माल दुसरेच गिऱ्हाईक नेत होते. मेघनाने उधारीची वही उघडून हे पाहिले, तर कथेला पुढचा टप्पा मिळेल.

---

भाऊ_मार्केटयार्ड

असे असू शकते. माझा व्यवहार दुकानदारांशी, त्यांच्या गिऱ्हाइकांशी नाही. तरी माझे म्हणणे मी सोडत नाही, की संध्याकाळी दुकानात गर्दी दिसली म्हणूनच यादीवाले गिऱ्हाईक येते. ते वहीत कसे दिसणार?

---

दिगंबर_जोग

तुरीची डाळ 2015 च्या ऑक्टोबरात किलोला 200 रुपयांच्या घरात गेली, तेव्हा माझ्या मामांचे दुकान होते. जुनी डाळ स्वस्तात घेतलेली होती म्हणून त्यांनी ती जुन्याच दराने विकली. बिलाप्रमाणे प्रत्येक किलोत नफा होता. पोते संपले तेव्हा हातात आलेल्या पैशांत नवे पोते येईना.

म्हणून माझा प्रश्न असा, की मेघना कोणते बिल धरते? विकला जात असलेला माल ज्या बिलाने आला ते बिल, की पुढचा माल ज्या भावाने भरावा लागणार तो भाव? थकबाकी का वाढते हे शोधायचे असेल, तर दुसरा हिशेब जास्त उपयोगी आहे. जुन्या बिलांवरून काढलेला नफा दुकान पुढच्या महिन्यात चालेल की नाही हे सांगत नाही.

---

करविवरण

दोन्ही हिशेब वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. नफा झाला का, याचे उत्तर मालाच्या मूळ बिलावरूनच काढायला हवे. उद्या पाटीवर कोणता भाव लिहायचा, यासाठी पुढच्या खरेदीचा भाव पाहायला हवा. मामांना नफा झाला होता, पण त्यांचा भाव चुकला होता.

मेघनाच्या बाबतीत मात्र एक अडचण राहते. तारेवर बिले असतात, पण कोणते पोते केव्हा फोडले हे तारेवर नसते. भाव दर पंधरवड्याला हलत असेल, तर विक्री जुन्या बिलाशी जोडली काय आणि नव्या बिलाशी जोडली काय, किलोमागे एक-दोन रुपयांचा फरक पडू शकतो आणि तोटा-नफा उलटू शकतो. कथेत तिने एकच पोते फोडल्यापासून संपेपर्यंत मोजले आहे, त्यामुळे ती या अडचणीतून सुटली. इतर मालाबाबत ती इतक्या खात्रीने बोलू शकणार नाही.

---

दिगंबर_जोग

भाव चुकला असे म्हणणे मला कठीण जाते. आजूबाजूची दुकाने 200 म्हणत असताना मामांकडे रांग लागली होती. पण आपण म्हणता तो भेद समजला.

---

वाणसामान

पावकिलोवर आम्ही काय केले ते सांगतो. आता बहुतेक गिऱ्हाईक पावकिलो असे मागतच नाही, "दहाची साखर द्या" असे म्हणते. इलेक्ट्रॉनिक काट्यावर किलोचा दर 42 घातला, की दहा रुपये दिसेपर्यंत तोलायचे. साधारण 238 ग्रॅम होतात. काटा गिऱ्हाइकाच्या समोर असतो, दर दिसतो, वजनही दिसते, त्यामुळे कुणाला फसवल्यासारखे होत नाही. तरीही लहान पिशव्यांमुळे किलोमागे 86 पैसे तोटा राहतोच, तुमच्याच आकड्यांनी आणि रिकाम्या पोत्याचे पैसे न धरता काढून पाहा. डबा घेऊन येणाऱ्याला साखर दिली, तरच तो जातो.

मेघनाने अण्णांना पावकिलोचे 11 करा असे सांगितले, तर कागदावर ते बरोबर आहे, किलोला 1 रुपया 20 पैसे सुटतील. पण शेजारचा दुकानदार दहालाच देत असेल, तर पाटीवरचे 11 दोन दिवसही टिकत नाहीत.

---

शालिनी_देशमुख

मृण्मयी, तुमचे उत्तर वाचून कथा पुन्हा वाचली. अण्णांचे वाक्य आता वेगळे वाटते. पण मेघनाचे शेवटचे वाक्य मला अजूनही कठोर वाटते. घरातल्या मुलीने असे बोलावे का?

---

रानवारा

मला ते कठोर वाटले नाही. ती भाव वाढवा असे म्हणत नाही. पहिल्या वेळी ती वही घेऊन धावत गेली आणि अण्णांनी ती न वाचता परत केली. दुसऱ्या वेळी तिने भागाकार त्यांच्याच हातून करून घेतला, म्हणून तिला तेवढे बोलता आले.

---

मृण्मयी_त

सर्वांचे मनापासून आभार. रिकाम्या पोत्याचे दहा रुपये, नोंदणी नसल्याचे वाक्य आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावरची 'दहाची साखर', हे तिन्ही कथेत येईल. शेवटचे वाक्य मी बदलणार नाही. शर्वरीताईंनी सुचवलेली उधारीची वही मात्र मला स्वस्थ बसू देत नाही. या बायकांना मजुरी शनिवारी मिळते, म्हणजे आठवडाभराची पावकिलो साखर उधारीवरच जात असणार, आणि ते पैसे आठवडाभर अडकलेले असताना घाऊक व्यापाऱ्याची बाकी वाढत असणार. हा खर्च किलोमागे कसा धरायचा ते मला सुचत नाही.

भाऊकाका, गुळाची घट मोजायची तर मेघनाने प्रत्यक्ष काय करावे?

---

भाऊ_मार्केटयार्ड

उधारीचे मला विचारू नका, त्याचा हिशेब मी आयुष्यभर अंदाजानेच केला.

गुळाचे सोपे आहे. ढेप दुकानात उतरली, की बिलावरच्या वजनावर न जाता काट्यावर ठेवायची आणि भरलेले वजन व तारीख कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती ढेपेच्या वेष्टणाला बांधायची. फोडायच्या दिवशी फोडण्याआधी पुन्हा तोलायची, तो वाळण्याचा फरक. फोडल्यावर चुरा वेगळ्या डब्यात ठेवायचा आणि ढेप संपल्यावर तोही तोलायचा. वैशाखातली एक आणि श्रावणातली एक अशा दोन ढेपा तरी मोजाव्यात, कारण एका हंगामाचा आकडा दुसऱ्याला लागत नाही. आणि वेष्टण काढून वजन करायला सांगा तिला, पावसाळ्यात गूळ शोषलेला कागदच वजनात भर घालतो.